देवघरात ठेवलेला ड्राफ्ट

चिखलीच्या धान्यबाजारात उत्तमराव शेठला आजवर कुणी गंडवलं नाही, असं सगळे म्हणायचे. सगळे म्हणजे मुख्यतः स्वतः उत्तमराव शेठ. दिवसातून चार वेळा म्हणायचे. गादीवर बसून पान लावता लावता समोरच्याला सांगायचे, "या उत्तमरावले फसवणारा अजून जन्माले यायचा हाय." समोरचा मान डोलवायचा, कारण त्याला उधारी हवी असायची.

आता खरं सांगायचं तर या नावलौकिकामागचा माणूस वेगळाच होता. धम्मरत्न त्याचं नाव. गोदामावर नऊ वर्षं कारकून. चेक असो, ड्राफ्ट असो, वजनाची पावती असो, त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे सरकायची नाही. गेटपासवर त्याची सही पडल्याशिवाय ट्रकचं चाक फिरायचं नाही. शेठ त्याचं कौतुकही करायचे, पण माणूस आपल्या बैलाचं करतो तसं, पाठीवर थाप मारून आणि दावं हातात ठेवून. धम्मरत्नला ते कळायचं. पण नाव होतं, बाजारात चार लोक "धम्मरत्नभाऊ" म्हणायचे, आणि घरी महामायाला त्या नावाचा फार अभिमान होता. नावावरच जगत होता बिचारा.

ही दोन हजार बावीसच्या मार्चची गोष्ट. नवा हरभरा निघाला होता. जालन्याकडच्या ज्ञानेश्वर नावाच्या एका व्यापाऱ्यानं फोनवर सौदा केला: अडीचशे क्विंटल, सत्तेचाळीसशेचा भाव. झाले पावणेबारा लाख. पैसे ड्राफ्टनं देतो म्हणाला.

धम्मरत्न तेव्हाच म्हणाला, "शेठ, आरटीजीएस मांगा ना. पैसा खात्यात पडला का ट्रक सोडू. ड्राफ्टाची झंझट काऊन?"

"मोबाइलातला पैसा मले दिसत नाही," शेठ म्हणाले. "ड्राफ्टावर माझ्या फर्मचं नाव छापून येते. आन् तपासाले तू हायेस ना? मंग? पण एक ध्यानात ठेव, धम्मा. ड्राफ्ट खोटा निघाला तं मी बँकेले नाही पकडणार, तुले पकडीन. नोकरी तं जाईनच, बेड्या घालाले लावीन."

शेठ हसले, गादीवरचे आणखी दोघे हसले. धम्मरत्नही हसला. मालकाच्या विनोदाला हसावंच लागतं, पण शेठ असलं काही गमतीनं बोलत नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी ज्ञानेश्वर हजर. तिशीचा, गोरागोमटा, कपाळाला गंध, आल्या आल्या शेठच्या पाया पडला. मागून रिकामा ट्रक येऊन गोदामाला लागला. ड्राफ्ट त्यानं पाकिटातून असा काढला की जणू मुलीची पत्रिका दाखवतोय. धम्मरत्ननं तो घेतला आणि वाचायला लागला. तारीख दोनच दिवसांपूर्वीची. आकड्यातली रक्कम, अक्षरातली रक्कम, दोन्ही जुळत होत्या. फर्मचं नाव बरोबर. ड्राफ्ट काढणाऱ्याचं नाव छापलेलं. कोपऱ्यात दोन रेघा आणि त्यात 'अकाउंट पेयी'. खाली दोन अधिकाऱ्यांच्या सह्या, सह्यांखाली त्यांचे नंबर. दिसायला काही खोट नव्हती.

"तपासा, भाऊ, अवश्य तपासा," ज्ञानेश्वर म्हणाला. "मी स्वतः येतो तुमच्यासोबत बँकेत. आणि हा घ्या आमच्या शाखेच्या मॅनेजर साहेबांचा मोबाइल नंबर."

धम्मरत्ननं चिठ्ठी घेतली, खिशातल्या पाकिटात टाकली आणि तिथेच राहू दिली. ज्याच्याकडून ड्राफ्ट घ्यायचा त्यानंच दिलेल्या नंबरावर फोन करून विचारायचं, ड्राफ्ट खरा आहे का? एवढा भोळा तो नव्हता.

फर्मचं खातं ज्या बँकेत, तिथल्या मॅनेजर सुचिता मॅडम. बाई कामाला चोख. ड्राफ्ट दुसऱ्या बँकेचा, त्यामुळे संगणकावर उघडून बघायची सोय नव्हती. त्यांनी कागद आधी उजेडावर धरून जलचिन्ह पाहिलं. मग नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली सरकवला, तर साध्या उजेडात न दिसणारी बँकेची खूण लख्ख उमटली. मग जालन्याच्या त्या शाखेचा नंबर त्यांनी स्वतःच्या यादीतून काढला आणि फोन लावला. ड्राफ्टचा नंबर, तारीख, रक्कम, कुणाच्या नावे, कुणी काढला, एकेक विचारलं. पलीकडून एकेकाला हो आलं.

"निघालाय त्यांच्याकडून," मॅडम म्हणाल्या. "आणि हा कागदही खरा आहे."

धम्मरत्ननं दोन्ही बाजूंचे फोटो मोबाइलमध्ये काढून घेतले, ही त्याची सवय. डाव्या कोपऱ्यात पिन लावून ओढून काढल्याचं एक फाटकं भोक होतं, तेही फोटोत आलं.

"आता आत्ताच भरून टाका," मॅडमनी स्लिप पुढे केली. "आजच्या क्लिअरिंगची वेळ गेली. उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार. सोमवारी जाईल, मंगळवारी पैसे. ट्रक मंगळवारी सोडा. फोनवर हो म्हणाले याचा अर्थ ड्राफ्ट निघालाय, एवढाच. पैसे खात्यात आले असा नव्हे."

धम्मरत्ननं शेठला फोन लावला. आणि इथे सगळी माती झाली.

"भरायचा नाही!" शेठ ओरडले. "तुले नऊ वर्षांत इतकं समजलं नाही? मोठी रक्कम बालाजीसमोर ठेवल्याबिगर कधी भरली का आपण? आज शुक्रवार हाय, लक्ष्मी दारात आली आन् तू तिले बाहेरूनच बँकेत घालून राह्यला? आण इकडं!"

"शेठ, भरल्यावर पावतीची पूजा करा ना. कागद हातात हाय तोवर भरून टाकू."

"पावतीची? मंग तू तुह्या लग्नात बायकोच्या फोटोले हार घातला होता का बे?"

बाजूला ज्ञानेश्वर उभा होता. तो हळूच म्हणाला, "मोठ्या माणसांची श्रद्धा असते, भाऊ. मोडू नये." मॅडमनी स्लिप परत ओढून घेतली आणि एवढंच बोलल्या, "खालच्या छापील आकड्यांवर कुंकू लावू नका म्हणावं. मागच्या वेळी हळदीत न्हाऊन आला होता."

परतताना ड्राफ्ट धम्मरत्नच्या शर्टाच्या आतल्या खिशात होता. गाडी तो चालवत होता, ज्ञानेश्वर मागे बसला होता. वाटेत ज्ञानेश्वर दोनदा म्हणाला, द्या माझ्याकडे, वाऱ्यानं उडेल. धम्मरत्ननं दिला नाही. शेठच्या घरापर्यंत त्यानं तो जपून आणला आणि ओट्यावर शेठच्या हातात ठेवला. इथवर काहीही चुकलं नव्हतं. लक्षात ठेवा, इथवर.

शेठ आत गेले. ज्ञानेश्वर बूट काढून, हातपाय धुऊन आत गेला. धम्मरत्न ओट्यावरच थांबला. त्याला कुणी थांब म्हणालं नाही, म्हणायची गरजच नव्हती. नऊ वर्षं तो त्या ओट्यापर्यंतच येत होता. सगळ्यांना चहा कपबशीत यायचा, त्याला कागदी कपात. मनकर्णाबाई, म्हणजे शेठचं कुटुंब, सणाला लाडू द्यायच्या ते वरून, त्याच्या पसरलेल्या हातात. लाखोंचा कागद त्याच्या खिशात चालायचा. त्याचा पाय मात्र उंबऱ्याच्या आत चालत नव्हता. काय न्याय आहे बघा! ज्या एका माणसानं तो कागद उजेडावर धरून पाहिला होता, नेमका तोच बाहेर उभा.

आतून घंटा वाजली. मग ज्ञानेश्वरचा आवाज आला, "काकू, ताटात तुम्हीच ठेवा, तुमच्याच हाताला यश. पण आधी मी एकदा बालाजीच्या पायाला लावतो. माझी पहिलीच मोठी खरेदी आहे."

 धम्मरत्न चौकटीला हात टेकून ओरडला, "शेठ! ड्राफ्ट तुमच्याच हातात राहू द्या! कोणाजवळ देऊ नका!"

 आतून मनकर्णाबाईंचा आवाज, "देवाच्या वक्ती ओरडते का कोणी? काही रीतभात? आन् हात काढ त्या चौकटीचा."

त्यानं हात काढला.

शेठ बाहेर आले ते पेढ्याचा डबा घेऊन. ड्राफ्ट ताटातून थेट तिजोरीत गेला होता. "सोमवारी बाराचा मुहूर्त हाय, तव्हा गजेंद्र भरून येईल," असं म्हणाले. गजेंद्र म्हणजे त्यांचा मुलगा.

"शेठ, एकदा मले दाखवा. फक्त पाहतो."

"पाहिला ना बँकेत?"

"त्यानंतर याच्या हाती गेला ना. एक मिनिट द्या. कोपरा पाहू द्या फक्त."

शेठचा चेहरा लाल झाला. ज्ञानेश्वर मान खाली घालून उभा, फार दुखावल्यासारखा. शेठ म्हणाले, "देवाच्या पायाजवळून उठलेल्या वस्तूले तुहा हात लावू देऊ मी? आन् पाहुणा माझ्या देवासमोर चोरी करंल म्हणतो? तुह्या जातीले देव समजत नाही, निदान माणूस तं समज."

 धम्मरत्न गोदामात आला. कय्यूम हमालानं आणि त्याच्या टोळीनं तोवर पोती चढवत आणली होती. धम्मरत्ननं गेटपासचं पुस्तक उघडलं आणि मिटलं. "मंगळवारपर्यंत ट्रक हालणार नाही," तो म्हणाला.

शेठ गोदामात आले. सगळे हमाल, ड्रायव्हर, तोलारी उभे होते. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "ड्राफ्ट कोनं तपासला?"

"मी."

"खरा हाय का खोटा?"

"बँकेत पाहिला तव्हा खरा होता."

"मंग सही कर. नाही तं ते पुस्तक खाली ठेव, पिशवी उचल आन् घरी जा. दुसरा कारकून उद्या येते. अन् तुह्या पोरीच्या फीचे ॲडव्हान्स घेतलेले आठ हजार जाता जाता ठेवून जा."

ज्ञानेश्वर मध्ये पडला, "जाऊ द्या शेठ, मी मंगळवारी येतो. विश्वास नाही तिथे माल कशाला न्यायचा?" असं म्हणून तो खरंच ट्रककडे वळला. पठ्ठ्या पक्का होता.

धम्मरत्ननं पेन काढलं. सही केली, आणि सहीखाली लिहिलं: 'ड्राफ्ट बँकेत ३.१० ला तपासला. त्यानंतर पाहू दिला नाही.' शेठनी तो पास वाचला, फाडला, तुकडे त्याच्या अंगावर टाकले. "नुसती सही," ते म्हणाले. दुसऱ्या पासवर त्यानं नुसती सही केली. कय्यूमनं मान फिरवली, त्याला बघवेना. ट्रक गेला.

शनिवार गेला, रविवार गेला. धम्मरत्न जेवला नाही. महामाया म्हणाली, "तुम्ही तं तुमचं काम केलं ना? मंग काऊन जीव खाता?" तो म्हणाला, "काम केलं, म्हणूनच."

सोमवारी बाराचा मुहूर्त साधून गजेंद्र आणि तो बँकेत गेले. सुचिता मॅडमनी कागद हातात घेतला आणि बोटांनी चाचपला, तिथेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. जांभळ्या दिव्याखाली धरला तर खूण उमटलीच नाही, आणि उजेडावर धरला तर जलचिन्ह नव्हतं. नंबर तोच, रक्कम तीच, सह्या त्याच. रंगीत मशीनवर काढलेली सुबक नक्कल, कोपऱ्यात कुंकवाचं बोट. मॅडमनी जालन्याला फोन लावला. ऐकता ऐकता त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"सकाळी सव्वादहालाच रद्द झालाय," त्या म्हणाल्या. "काढणाऱ्यानं अस्सल ड्राफ्ट परत दिला, पैसे त्याच्या खात्यात उलटे जमा झाले, आणि अर्ध्या तासात काढूनही नेले. मूळ ड्राफ्ट परत दिला तरच रद्द होतो. त्यांनी दिला. आपल्या हातात ही झेरॉक्स राहिली."

ते खातं चार महिन्यांपूर्वी कुणा बांधकाम मजुराच्या कागदपत्रांवर उघडलेलं निघालं. ज्ञानेश्वरचा फोन बंद. ट्रकचा नंबर खोटा. अडीचशे क्विंटल हरभरा कोणत्या डाळमिलच्या पोटात गेला, देव जाणे.

दोघांनी परत येऊन गादीवर बसलेल्या शेठला सगळं सांगितलं.  धम्मरत्ननं मोबाइल काढला. खोटं कशाला बोला, त्याला थोडं हायसं वाटलं होतं. त्यानं फोटो मोठा केला आणि शेठपुढे धरला.

"हे पाहा शेठ. हा बँकेत काढलेला फोटो. कोपऱ्यात पिनेचं भोक हाय, कागद फाटलेला हाय. आन् या नकलेवर भोकाची फक्त सावली छापली हाय, भोक नाही. म्हणजे मी तपासला तो खरा होता. अदलाबदल बँकेनंतर झाली. पोलिसाले दाखवा, मॅडम बी सांगतील."

शेठनी फोटो बराच वेळ पाहिला. एकदा फोटोकडे, एकदा धम्मरत्नकडे, एकदा आतल्या दाराकडे. बाजारात काय बोलतील याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर चालला होता. उत्तमराव शेठला त्यांच्याच देवघरात, त्यांच्याच बायकोसमोर, एका पोरानं देवाच्या पायाशी वाकून गंडवलं!

"अदलाबदल बँकेनंतर झाली," शेठ सावकाश म्हणाले. "पक्कं?"

"शंभर टक्के, शेठ."

"बरं झालं तू फोटो काढला. गजेंद्रले पाठव तो."

धम्मरत्ननं पाठवला. वर हात जोडले. कसला भोळा म्हणायचा हा माणूस! जन्मभर कागद तपासले, माणूस कधी उजेडावर धरून पाहिला नाही.

संध्याकाळी ठाण्यातून बोलावणं आलं. त्याला वाटलं साक्षीला. ठाणेदारासमोर शेठ, गजेंद्र आणि मनकर्णाबाई बसलेले. तोच फोटो छापून टेबलावर ठेवलेला. ठाणेदारानं त्याला उभं ठेवूनच फिर्याद वाचून दाखवली. ड्राफ्ट बँकेत खरा होता, हे फोटोवरून सिद्ध होतं. बँकेतून घरापर्यंत तो आरोपी धम्मरत्नच्या खिशात होता, सोबत ज्ञानेश्वर होता. घरी आल्यावर आरोपीनं तो स्वतः देवघरात नेऊन ताटात ठेवला. गेटपासवर आरोपीची सही आहे. सबब आरोपीनं ज्ञानेश्वराशी संगनमत करून वाटेत ड्राफ्ट बदलला.

 "देवघरात? साहेब, मी? मले ओट्याच्या आत कधी येऊ दिलं नाही यांनी! चौकटीले हात लावला तरी झिडकारते मले! ड्राफ्ट मी शेठच्या हातात दिला, बाहेर. देवघरात त्या ज्ञानेश्वरानं हातात घेतला, मी ओरडलो बी. विचारा काकूले!"

"विचारलं," ठाणेदार म्हणाला. "तरी पुन्हा विचारतो. सांगा बाई."

मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते. "हो," त्या म्हणाल्या. "हा आत आला होता. यानंच ठेवला ताटात. आमच्या घरी आम्ही तसलं काही पाळत नाही, साहेब. घरच्यासारखा होता तो."

"काकू!" त्याचा आवाज फाटला. "साहेब, मले विचारा, यांच्या देवघरात बालाजीचं तोंड कोण्या दिशेले हाय. विचारा! नऊ वर्षांत मले माहीत नाही. देव लाकडाचा हाय का पितळेचा, मले माहीत नाही!"

"पाहा साहेब," शेठ म्हणाले, "आता देव बी नाकबूल करून राह्यला."

शिपाई लिहीत होता. ठाणेदार म्हणाला, "जातीचं काढून केस फिरवायची असेल तर वकिलाकडून काढ. इथे तिघांचे जबाब एक आहेत आणि फोटो तुझाच आहे." त्यानं शिपायाला खूण केली. धम्मरत्नचा मोबाइल, पट्टा, पाकीट टेबलावर आलं. पाकिटातून ज्ञानेश्वरनं शुक्रवारी दिलेली नंबराची चिठ्ठीही निघाली, आणि ठाणेदारानं ती पुरावा म्हणून वेगळी ठेवली.

जबाबावर सह्या झाल्या. शेठ उठले, गजेंद्र उठला. बाहेर पडायचं दार अरुंद, आणि धम्मरत्न नेमका दाराशी उभा. मनकर्णाबाई त्याच्यापाशी आल्या तशा थबकल्या. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता तरी एखादा शब्द बोलतील. बाईंनी पदर दोन्ही हातांनी अंगाशी गच्च आवळून घेतला, आपली सावली त्याला लागू नये एवढं अंतर ठेवलं आणि तिरक्या होऊन बाहेर गेल्या.